पासिंग कुठलं?

कुडाळच्या एसटी स्टँडवर मालवणच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक आजोबा आणि त्यांचा सात-आठ वर्षांचा नातू. पोराला नुकतंच इंग्रजी अक्षरं वाचायचं वेड लागलेलं. फलाटाला लागलेल्या गाडीची पाटी त्याने मोठ्याने वाचली, एमएच २० बीएल, आणि विचारलं, "आजो, ही गाडी संभाजीनगरची?" आजोबा म्हणाले, "नाय रे, ही कुडाळचीच. डायवर आपल्या वाडीतलो." पोराचं समाधान होईना. "मगे ट्वेंटी कित्याक?" आजोबांनी पिशवीतून शेंगदाणे काढून त्याच्या हातावर ठेवले. विषय मिटला.

मी मात्र त्या प्रश्नात अडकलो. शेजारी सावंतवाडीची गाडी उभी होती, तिच्यावर एमएच १४ बीटी. पलीकडे पणजीला जाणारी, एमएच ४०. सिंधुदुर्गाचा क्रमांक ०७. एसटीच्या तीन गाड्या, तिन्हींवर कुडाळचा पत्ताच नाही. एक म्हणते पिंपरी-चिंचवड, एक म्हणते छत्रपती संभाजीनगर, तिसरी तर थेट नागपूर ग्रामीण. पाट्या खोट्या नव्हत्या. आपणच त्यांना चुकीचा प्रश्न विचारतो. ‘तू कुठली’ असं विचारून चालत नाही, ‘तुझं पासिंग कुठलं’ असं विचारावं लागतं.

पासिंग हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की त्यात काय दडलंय ते आपण विसरतो. नवी गाडी परिवहन कार्यालयात न्यायचे, मोटार वाहन निरीक्षक ती तपासायचा, कागद बघायचा, गाडी ‘पास’ करायचा आणि मग तिला नंबर पडायचा. म्हणजे पाटीवरचा आकडा एका दिवशी, एका कार्यालयात घडलेल्या एका घटनेची नोंद आहे. त्यानंतर गाडी कुठे गेली, कोणाकडे गेली, आज रात्री कोणाच्या अंगणात उभी आहे, यातलं काहीच त्या आकड्याला ठाऊक नसतं. पाटी गाडीचं माहेर सांगते. सासर शोधायला कागद बघावे लागतात.

एसटीच्या बाबतीत माहेर म्हणजे कारखाना. महामंडळ वर्षानुवर्षं कंपनीकडून नुसती चासी विकत घ्यायचं आणि तिच्यावर बसची बांधणी स्वतःच्या मध्यवर्ती कार्यशाळांत करायचं. अशा कार्यशाळा तीन: पुण्याजवळ दापोडीला, संभाजीनगरला चिकलठाण्याला आणि नागपूरला हिंगण्याच्या बाजूला. बांधून झालेली गाडी पासिंगला जवळच्याच परिवहन कार्यालयात जाणार, हे उघड आहे. दापोडीची गाडी पिंपरी-चिंचवडच्या कार्यालयात गेली की १४, चिकलठाण्याची गेली की २०, हिंगण्याची नागपूर ग्रामीणला गेली की ४०. मग वाटप होतं. कुठली गाडी कुडाळ आगाराला, कुठली गडहिंग्लजला, कुठली किनवटला. नंबर मात्र जन्माचा. म्हणून कुठल्याही स्टँडवर उभं राहून एसटीच्या पाटीवरून ती गाडी कुठल्या कार्यशाळेत बांधली ते ओळखता येतं, पण कुठल्या आगाराची ते नाही. आगाराचं नाव गाडीच्या अंगावर वेगळं लिहिलेलं असतं, तेच खरं. (अलीकडे महामंडळ तयार बांधणीच्या गाड्याही घेतं, त्यामुळे हा खेळ पूर्वीइतका बिनचूक राहिलेला नाही.)

आता हे आकडे आले कुठून? मोटार वाहन कायदा १९८८ सालचा, अंमल १ जुलै १९८९ पासून. त्याआधी आपल्याकडच्या पाट्यांवर एम पासून सुरू होणारी तीन अक्षरं आणि पुढे आकडे असायचे. कोणती अक्षरं कुठल्या गावची याचा मेळ ज्याला पाठ, त्यालाच ती पाटी बोलायची. नव्या पद्धतीत केंद्राने प्रत्येक राज्याला दोन अक्षरं दिली आणि पुढचं राज्यांवर सोडलं. पुढच्या आकड्यांचं काय करायचं हे प्रत्येक राज्याने आपापल्या पद्धतीने ठरवलं. दिल्लीने एक-आकडी क्रमांक ठेवला आणि त्याला चिकटून गाडीचा प्रकार सांगणारं अक्षर घातलं. ‘डीएल ३सी’ मधला सी म्हणजे कार, ‘३एस’ मधला एस म्हणजे दुचाकी. महाराष्ट्राने दोन-आकडी क्रमांक कार्यालयांना वाटले. आकड्यानंतरची एक किंवा दोन अक्षरं म्हणजे त्या कार्यालयाची सिरीज, आणि शेवटचे चार आकडे म्हणजे त्या सिरीजमधला तुमचा नंबर. ९९९९ ला सिरीज संपते, पुढची उघडते. इंग्रजी आय आणि ओ ही अक्षरं सिरीजमध्ये घेत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. म्हणजे उरली २४ अक्षरं, आणि दोन-दोनच्या जोड्या झाल्या ५७६. एका कार्यालयाला त्यातून साडेसत्तावन्न लाखांच्या आसपास नंबर मिळतात. पुण्यासारख्या ठिकाणी एवढ्या मोठ्या आकड्याचीही काळजी करावी लागते.

महाराष्ट्राचे क्रमांक बहुतेकांना सुटे-सुटे पाठ असतात. आपला, सासरचा, मामाच्या गावचा, आणि ज्यांच्या गाड्यांनी आपल्याला कधी कट मारलाय त्यांचा. पण ही यादी ओळीने वाचली तर तिच्यात एक प्रवास आहे. मुंबईपासून सुरुवात: ताडदेव ०१, अंधेरी ०२, वडाळा ०३. मग ठाणे ०४, कल्याण ०५, रायगड ०६, सिंधुदुर्ग ०७, रत्नागिरी ०८. इथे कोकण संपलं. घाट चढून कोल्हापूर ०९, सांगली १०, सातारा ११, पुणे १२, सोलापूर १३, पिंपरी-चिंचवड १४. हा पुणे महसूल विभाग. नाशिक १५ पासून जळगाव १९ पर्यंत नाशिक विभाग. २० ते २६ मराठवाडा: संभाजीनगर, जालना, परभणी, बीड, लातूर, धाराशिव, नांदेड. २७ ते ३० अमरावती विभाग: अमरावती, बुलढाणा, यवतमाळ, अकोला. आणि ३१ नागपूर, ३२ वर्धा, ३३ गडचिरोली, ३४ चंद्रपूर, ३५ गोंदिया, ३६ भंडारा. कोणीतरी महसूल विभागांचा नकाशा पुढे घेऊन पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताजाता आकडे टाकलेत, हे स्वच्छ दिसतं. एवढं एक लक्षात ठेवलं की समोरच्या गाडीवर २३ दिसला तर गाव नेमकं आठवलं नाही तरी मराठवाड्यातला आहे हे कळतंच.

३६ च्या पुढे मात्र नकाशा मोडतो आणि तारखा सुरू होतात. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशिम आणि धुळ्यातून नंदुरबार वेगळे झाले, १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली. तोवर आधीचे आकडे भरलेले होते. त्यामुळे वाशिमला ३७ मिळाला, हिंगोलीला ३८ आणि नंदुरबारला ३९. अकोला ३० आणि वाशिम ३७, परभणी २२ आणि हिंगोली ३८, धुळे १८ आणि नंदुरबार ३९. एकाच घरातून वेगळे झालेले भाऊ, पण पाटीवर एकमेकांपासून इतके लांब की नातं सांगितल्याशिवाय कळू नये.

त्याच्या पुढची यादी माझ्या मते सगळ्यात वाचनीय आहे. नागपूर ग्रामीण ४० नंतर मालेगाव ४१, बारामती ४२, वाशी ४३, अंबाजोगाई ४४, अकलूज ४५, पनवेल ४६, बोरिवली ४७, वसई ४८, नागपूर पूर्व ४९, कराड ५०. यात एकही जिल्हा नाही! ही सगळी उपप्रादेशिक किंवा शहरातली जादा कार्यालयं. म्हणजे ‘पाटीवरचा आकडा म्हणजे जिल्हा’ हे जे आपण मुलांना शिकवतो, ते अर्धंच खरं. आकडा कार्यालयाचा असतो. जिथे जिल्ह्यात एकच कार्यालय, तिथे दोन्ही एकच वाटतात. जिथे दोन-तीन कार्यालयं, तिथे आकडा जिल्ह्याच्या आतला भेद सांगतो. पुणे जिल्ह्याचंच बघा. कोथरूडमध्ये राहणाऱ्याची गाडी १२, वाकडमध्ये राहणाऱ्याची १४, बारामतीची ४२. तिघंही पुणे जिल्ह्यातलेच. अहिल्यानगर जिल्ह्यात नगर शहराकडची गाडी १६, पण शिर्डीला साईबाबांच्या दर्शनाला गेलात तर तिथल्या स्थानिक गाड्यांवर १७ दिसेल, कारण राहाता तालुका श्रीरामपूरच्या कार्यालयाखाली येतो.

आणि इथे थोडं राजकारणही वाचता येतं. मालेगाव, अंबाजोगाई, श्रीरामपूर या तिन्ही गावांची स्वतंत्र जिल्ह्याची मागणी जुनी आहे. निवेदनं झाली, बंद झाले, निवडणुकीत आश्वासनं झाली. जिल्हा मिळाला नाही, पण पाटीवर आकडा मिळाला. मालेगावातल्या तरुणाला ४१ चा अभिमान वाटतो तो उगीच नाही. नाशिकच्या १५ पासून निदान गाडीपुरते तरी ते वेगळे झालेत. याउलट पालघर १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा झाला, पण तेव्हा पाटीवर त्याच्या नावाचा आकडा नव्हता. तिथे वसईच्या कार्यालयाचा ४८ चालायचा. एकाला जिल्ह्याविना आकडा, दुसऱ्याला आकड्याविना जिल्हा.

आकड्याचा आणखी एक गुण म्हणजे त्याला नावाशी देणंघेणं नसतं. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. कार्यालयांच्या दारावरचे फलक बदलले. पण २०, २५ आणि १६ जागचे हलले नाहीत. अक्षरांना तेवढं भाग्य लाभत नाही. ओरिसाचं ओडिशा झाल्यावर ओआर जाऊन ओडी आलं. उत्तरांचलचं उत्तराखंड झालं तेव्हा यूए ऐवजी यूके. तेलंगणाने २०१४ मध्ये टीएस घेतलं आणि २०२४ मध्ये ते सोडून टीजी. त्यामुळे हैदराबादच्या रस्त्यावर आज एपी, टीएस आणि टीजी अशा तिन्ही पिढ्या शेजारी शेजारी धावताना दिसतात, आणि तिन्ही गाड्या कदाचित एकाच गल्लीतल्या असतात.

दोन अक्षरं न बघता नुसता आकडा वाचला की फसगत ठरलेली. इंदूरला गेलात तर सगळीकडे ०९ दिसेल. कोल्हापूरकर हरखून जातो, ‘अरे, आपली गाडी!’ तो एमपी ०९, तिथला स्वतःचा क्रमांक. सीमाभागात तर पाटी बघण्याची सवय अंगवळणीच पडलेली असते. बेळगावचा केए २२, चिकोडीचा केए २३, कोल्हापूरचा एमएच ०९. निपाणीच्या चौकात या तिन्ही गाड्या एकाच चहाच्या टपरीसमोर उभ्या असतात, आणि तिघांचे चालक मराठीतच बोलत असतात.

मग नंबर कुठल्या कार्यालयाचा पडणार हे ठरवतं कोण? शोरूम नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. साताऱ्याचा माणूस पुण्यात गाडी घेतो म्हणून ती पुण्याची होत नाही. कायद्याच्या कलम ४० प्रमाणे मालक जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो आणि गाडी एरवी जिथे उभी असते, तिथल्या कार्यालयाचा तो अधिकार. (२०१९ च्या दुरुस्तीने या कलमात ‘राज्यातील कोणत्याही नोंदणी प्राधिकाऱ्याकडे’ असे शब्द घातले, पण पत्त्याची अट तशीच राहिली.) म्हणजे प्रश्न पत्त्याच्या पुराव्याचा. लातूरचा मुलगा वाकडला भाड्याने राहतो, भाडेकरार जोडतो आणि त्याची गाडी १४ होते. त्याच मुलाच्या आधारवर अजून गावचाच पत्ता असेल आणि त्याने तोच दिला, तर २४. कंपनीच्या नावावरची गाडी कंपनीच्या कार्यालयाच्या पत्त्यावर. म्हणून पाटीवरून माणसाचं गाव काढणारा निम्म्या वेळा फसतो. भाद्रपदात मुंबई-गोवा महामार्गावर उभं राहून बघा. ०१ पासून ०४ पर्यंत आणि ४३, ४७ अशी रांग लागलेली असते. आत बसलेला प्रत्येक जण स्वतःला मालवणचा, राजापूरचा, गुहागरचा म्हणवतो. पाटी मुंबईची, माणूस कोकणचा. चाकरमान्यांची गाडी ही पाटी आणि गाव यांच्या फारकतीचं सगळ्यात जुनं उदाहरण म्हणायला हरकत नाही.

गाडी राज्यातल्या राज्यात विकली गेली तरी नंबर बदलत नाही. नागपूरची ३१ कोल्हापूरच्या माणसाने घेतली, फॉर्म २९ आणि ३० भरून ट्रान्सफर झाली, आरसीवर नाव-पत्ता बदलला, तरी पाटीवर ३१ च. एकदाच भरलेला कर राज्याच्या तिजोरीत आधीच जमा आहे, त्यामुळे राज्याला त्यात बदल करायचं कारण नाही. राज्य ओलांडलं की मात्र गोष्ट वेगळी. कलम ४७ सांगतं की दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नवा नंबर घ्यायचा. त्यासाठी मूळ कार्यालयाकडून फॉर्म २८ वर एनओसी आणायची, नव्या कार्यालयात फॉर्म २७ भरायचा, उरलेल्या वर्षांचा कर इथे भरायचा आणि जुन्या राज्याकडे परताव्यासाठी अर्ज करायचा. परतावा हा शब्द इथे मी आशेने वापरतोय. ज्यांना तो वेळेत मिळाला असे लोक मला फारसे भेटलेले नाहीत. बदलीच्या नोकरीतल्या लोकांची ही दगदग कमी व्हावी म्हणून २०२१ मध्ये बीएच मालिका आली. त्या पाटीवर आधी नोंदणीच्या वर्षाचे दोन आकडे, मग बीएच, मग नंबर. गावाचा उल्लेखच नाही. लष्करातले, सरकारी नोकर आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांतले लोक ती घेऊ शकतात. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा. पाटी वाचून गाव ओळखणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र ही गाडी अनाथच.

राज्य ओलांडण्याचा नियम आणि प्रत्यक्ष रस्ता यांतलं अंतर बघायचं असेल तर संध्याकाळी कुठल्याही मोठ्या शहरात ट्रॅव्हल्स सुटतात त्या रस्त्यावर जावं. काचेवर ‘पुणे-नांदेड’ असं मोठ्या अक्षरांत, मागे अंबाबाईचा फोटो, क्लीनर अस्सल परभणीचा, आणि पाटीवर एनएल ०१. म्हणजे नागालँडची राजधानी कोहिमा. दुसरीवर एआर ०१, अरुणाचल. ही बस कोहिमाला कधी गेली असेल, असा भाबडा प्रश्न विचारू नये. स्लीपर बसला घरच्या राज्यात बर्थ आणि आसनांच्या हिशोबाने कर भरावा लागतो आणि तो राज्याराज्यांत खूप वेगळा आहे. ईशान्येतल्या काही राज्यांत तो बराच कमी. त्यात २०२१ पासून अखिल भारतीय पर्यटक परवान्याचं शुल्क केंद्राच्या व्यवस्थेत एकदाच भरलं की गाडी देशभर फिरू शकते. मग मालक जिथे कर कमी तिथलं पासिंग करून घेतो. इथे पाटी गाडीचं माहेरही सांगत नाही, सांगते ती फक्त मालकाच्या हिशोबनीसाची हुशारी. महागड्या मोटारींच्या बाबतीत पुदुच्चेरीच्या पीवाय पाट्यांचा असाच गाजावाजा झाला होता. केरळात तर त्यावरून नामांकित लोकांवर गुन्हे दाखल झाले. पाटीवर लांबचं राज्य आणि गाडी रोज एकाच रस्त्यावर, असं दिसलं तर बहुतेक वेळा उत्तर कर हेच असतं.

पण खरी मेख आहे ती उलट्या बाजूने, जेव्हा पाटी आपल्याच गावची असते. माझ्या मेव्हण्याची गोष्ट. सांगलीत सेकंड हँड गाडी बघत होता. डिझेल, मोठी, पांढरी, रंग चकाचक. नंबर एमएच १०, आणि सिरीज अगदी ताजी, गेल्या वर्षातली. किंमत बाजारभावापेक्षा साठ-सत्तर हजारांनी कमी. एजंट म्हणाला, "दादा, सिरीज बघा ना, गाडी नवीच आहे. लोकल पासिंग, टेन्शन नाही." मेव्हण्याने मला फोटो पाठवला. पाटीवर आक्षेप घेण्यासारखं काहीच नव्हतं. उच्च सुरक्षा पाटी, डाव्या कोपऱ्यात वरती चक्राचा चकचकीत ठसा, खाली लेझरने कोरलेला दहा आकडी क्रमांक, न उघडणारे स्नॅप लॉक. पाटी शंभर टक्के खरी होती. त्यातच गडबड होती.

मी त्याला सांगितलं, गाडीच्या आत बस आणि सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढ. पट्ट्याच्या मुळाशी एक छोटी चिठ्ठी शिवलेली असते, तिच्यावर पट्टा तयार झाल्याची तारीख असते. तिथे २०१४ होतं. मग आरसी मागितली. एजंटने आधी फोटो दाखवला, मग बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर कार्ड. नोंदणीची तारीख: मे २०१५. उत्पादन: फेब्रुवारी २०१५. आणि नोंदणी करणारं कार्यालय सांगली.

हे कसं काय? गाडी मूळची दिल्लीची. दिल्ली परिसरात २०२५ पर्यंत डिझेल गाडी दहा वर्षांची झाली की रस्त्यावर आणता येत नव्हती. पेट्रोलला पंधरा वर्षं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये तसा आदेश दिला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. त्यामुळे दहा वर्षं भरायला आली की दिल्लीवाले गाडी मिळेल त्या भावाला काढायचे. व्यापारी त्या उचलायचे, फॉर्म २८ वर एनओसी घ्यायचे, ट्रेलरवर चढवून महाराष्ट्रात आणायचे. इथे फॉर्म २७, कर, चासीवर कागद ठेवून पेन्सिल घासून काढलेली छाप, निरीक्षकाची तपासणी, आणि नवा नंबर. नवा नंबर म्हणजे त्या दिवशी सांगलीत जी सिरीज चालू असेल ती. सिरीज गाडीचं वय सांगत नाही, ती फक्त या कार्यालयात गाडी कधी आली ते सांगते. एरवी या दोन तारखा एकच असतात, म्हणून आपण सिरीजवरून वय काढायला शिकलो. इथे त्यांच्यात दहा वर्षांचं अंतर होतं.

यात बेकायदेशीर काहीच नव्हतं, हे मुद्दाम सांगायला हवं. एनओसी खरी, कर भरलेला, नंबर खरा. एजंटने ‘नवीच आहे’ म्हटलं एवढंच खोटं. प्रश्न हिशोबाचा होता. नोंदणी पहिल्या तारखेपासून पंधरा वर्षांची, ती नव्या नंबराने लांबत नाही. म्हणजे मे २०३० पर्यंत. त्यानंतर पुन्हा तपासणी, पाच वर्षांचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर. साठ-सत्तर हजारांचा ‘फायदा’ दहा वर्षांच्या गाडीला नव्याच्या किमतीत घेतल्यावर कुठे उरतो? आणि दिल्लीच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या गिअरवर गेलेली दहा वर्षं इंजिनाने कुठे लपवलेली असतात ते मेकॅनिकला विचारावं.

गाडी बघायला जाताना म्हणून आधी पाटी वाचावी, पण तिथे थांबू नये. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणी कार्यालय, नोंदणीची तारीख, इंधन, विमा आणि तपासणीची मुदत दिसते. सिरीज नवी आणि तारीख जुनी असली की समजावं, गाडी बाहेरून आलेली आहे. मग आधीचा नंबर विचारावा आणि एनओसीची प्रत मागावी. चासी नंबर आरसीशी जुळवावा, आणि तोही स्वतः वाकून, टॉर्च मारून, कारण फोटोवरचा चासी नंबर कोणत्याही गाडीचा असू शकतो. पाटीवर अक्षरांचा खेळ केलेला असेल, ४१४१ असं लिहून ‘दादा’ वाचायला लावलं असेल किंवा २१४ चा ‘राम’ केला असेल, तर तो माणूस सुरुवातीची अक्षरं आणि आकडे मुद्दामच बारीक करतो. म्हणजे जे सगळ्यात उपयोगाचं, तेच आधी लपतं. असल्या पाट्या नियमात बसत नाहीत आणि पोलिसांनी थांबवलं तर दंड होतो, एवढं त्या दादांनाही माहीत असतं.

मेव्हण्याने ती गाडी सोडली. पुढच्या महिन्यात कराडहून एक पेट्रोल हॅचबॅक घेतली. तिचा नंबर एमएच ३१. नागपूरचे एक गृहस्थ बदलीवर कराडला आले होते, निवृत्त होऊन तिथेच राहिले, आणि आता डोळ्यांमुळे गाडी चालवत नव्हते. दहा वर्षांत गाडी फक्त अडतीस हजार किलोमीटर फिरलेली, सर्व्हिसची सगळी बिलं एका प्लास्टिकच्या पिशवीत. सांगलीतल्या कॉलनीत ती आली तेव्हा शेजारच्या काकूंनी पाटी वाचली आणि मेव्हण्याच्या बायकोला विचारलं, "नागपूरचे पाहुणे आलेत वाटतं? किती दिवस आहेत?"